तोंडातले पांढरे-लाल चट्टे: फोटोचं वर्णन कसं करावं आणि तुकडा का काढावा लागतो (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी दातांची डॉक्टर आहे, पण दातांपेक्षा माझा जास्त वेळ गाल, जीभ आणि टाळू बघण्यात जातो. रुग्ण मोबाइलवर फोटो पाठवतात आणि खाली एकच ओळ असते: "डॉक्टर, हे काय आहे?" त्यानंतरच्या बोलण्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत.

फोटो स्पष्ट आहे, तरी तुम्ही आजाराचं नाव का सांगत नाही?

फोटोत रंग दिसतो, जागा दिसते, आकार दिसतो. नाव त्याच्या पुढची पायरी आहे. ल्युकोप्लाकिया हा शब्द तुम्ही ऐकला असेल. बऱ्याच जणांना वाटतं की तो फोटोवरून ओळखता येणारा एक ठरावीक आजार आहे. प्रत्यक्षात ते वजाबाकी करून उरलेलं नाव आहे. पुसून जाणारी बुरशी नाही, दात घासून आलेला घट्टा नाही, लायकेन प्लेनस या दाहाच्या आजारात उमटणारी जाळी नाही, भाजलेलं नाही, असं एकेक बाद करत गेल्यावर जो पांढरा चट्टा उरतो आणि ज्यात कर्करोगाचा धोका असू शकतो, त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. तसाच दुसऱ्या कुठल्याही आजारात न बसणारा लालभडक चट्टा म्हणजे एरिथ्रोप्लाकिया. पांढरा आणि लाल एकत्र असतील तर एरिथ्रोल्युकोप्लाकिया. ही वजाबाकी बोटाने दाबून, पुसून आणि चार प्रश्न विचारूनच होते. फोटो त्यात मदत करतो, पण एकटा पुरत नाही.

मुळात एक चट्टा पांढरा आणि दुसरा लाल का दिसतो?

गालाच्या आतल्या बाजूला पेशींचे अनेक थर एकमेकांवर रचलेले असतात. त्यांच्याखाली एक पातळ तळपडदा असतो आणि त्याच्या खाली रक्तवाहिन्या. निरोगी गालात वरचे थर अर्धपारदर्शक असतात, म्हणून खालचं रक्त गुलाबी रंगाने दिसतं.

एखादी गोष्ट तिथे रोज टोचत किंवा जाळत राहिली तर वरच्या पेशी केराटिनचा थर चढवतात. तळहाताला घट्टा पडतो तोच प्रकार. फरक इतकाच की तोंडात हा थर लाळेने सतत ओला राहतो, फुगतो आणि प्रकाश परत फेकतो, म्हणून तो पांढरा दिसतो. लाल चट्ट्यात याच्या उलट घडतं. पेशींचं आवरण पातळ होतं, वरचं केराटिन तयारच होत नाही, आणि खालच्या रक्तवाहिन्या जवळजवळ उघड्या पडल्यासारख्या दिसतात.

म्हणजे पांढरा रंग सांगतो की वर काहीतरी साचलंय. लाल रंग सांगतो की वरचं आवरण नीट तयार होत नाहीये. पेशी बिघडल्या की त्यांचं वयात येऊन केराटिन बनवण्याचं काम बऱ्याचदा थांबतं, आणि म्हणूनच लाल रंगाला आम्ही जास्त घाबरतो.

फोटो कसा काढला तर तो कामाचा ठरतो?

आधी साध्या पाण्याने चूळ भरा. मग स्वच्छ कापसाने किंवा जाळीदार पट्टीने ती जागा हलकेच टिपून कोरडी करा. लाळेवर पडलेला फ्लॅशचा चकाकता ठिपका फोटोत अगदी पांढऱ्या चट्ट्यासारखा दिसतो. अशा चकाकीचे फोटो पाहून लोक रात्रभर जागलेले मला माहीत आहेत.

स्वतः काढू नका, दुसऱ्याला काढायला सांगा. सेल्फी कॅमेरा बऱ्याच फोनमध्ये चित्र आरशासारखं उलटवतो आणि डावा गाल उजवा होतो. दुसऱ्याने मागचा कॅमेरा वापरावा, फोन वीत-दीड वीत लांब धरावा आणि थोडं झूम करावं. अगदी जवळ नेला तर चित्र वाकतं आणि कडा फुगतात. खिडकीतला दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला. पिवळ्या दिव्यात पांढरं पिवळट होतं आणि गुलाबी गाल लालसर दिसायला लागतो. चेहरा गोरा-गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा, ती चट्टाही गुळगुळीत करते.

गाल चमच्याच्या दांड्याने बाहेर ओढून धरा. अक्कलदाढेच्या मागचा कोपरा दिसला पाहिजे, कारण नेमका तोच भाग बहुतेक फोटोंत अंधारात राहतो. किमान दोन फोटो हवेत. पहिला लांबून, ज्यात शेजारचे दात दिसतील आणि जागा कळेल. दुसरा जवळून, ज्यात चट्ट्याशेजारी कागदी मोजपट्टीचा तुकडा धरलेला असेल. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलात तर बारकावे दबत नाहीत.

फोटोबरोबर लिहायचं काय?

एका गृहस्थांचं उदाहरण देते. वय चाळिशीच्या मध्यावर. त्यांचा पहिला निरोप असा होता: "गालाला आतून पांढरं झालंय. दोन महिने झाले. दुखत नाही. तंबाखू आहे." सोबत फ्लॅश मारून काढलेली सेल्फी. फोटोत डावा गाल, मध्यभागी पांढरट पट्टा, मागे काळोख.

मी त्यांना वर सांगितलं तसा फोटो पुन्हा काढायला लावला आणि फोनवर प्रश्न विचारले. दुसरा फोटो आल्यावर माझ्या वहीत जी नोंद झाली, ती अशी:

"उजवा गाल, आतली बाजू. खालच्या पहिल्या दाढेसमोरून अक्कलदाढेपर्यंत. लांबी सुमारे ३ सेंटिमीटर, उंची दीड सेंटिमीटर. पुढचे दोन तृतीयांश करडे-पांढरे, ओल्या वाळूवर लाटेने उमटाव्यात तशा सुरकुत्या, कडा हळूहळू गालात विरतात. मागे अक्कलदाढेसमोर सुमारे ६ मिलिमीटरचा लाल, मखमली भाग, त्यावर पांढरे बारीक ठिपके, कड ठळक. पुसून जात नाही. गाल ताणल्यावर नाहीसा होत नाही. दुसऱ्या गालात असं काही नाही. चिमटीत धरून पाहिल्यावर पुढचा भाग मऊ, मागचा किंचित घट्ट वाटतो असं रुग्ण सांगतो. वेदना नाही, तिखटाने मागे चुणचुण. तंबाखू १८ वर्षं, दिवसाला आठ-दहा वेळा, दर वेळी वीसेक मिनिटं, याच बाजूला."

दोन गोष्टी लक्षात घ्या. सेल्फीमुळे बाजू चुकली होती. आणि सगळ्यात महत्त्वाचा ६ मिलिमीटरचा लाल भाग पहिल्या फोटोत आलाच नव्हता. त्यांना तो माहीत होता, पण "तिथे अक्कलदाढ चावते" म्हणून त्यांनी तो सांगण्यासारखा मानला नाही.

तुम्हाला इतकं नेटकं लिहिता आलं नाही तरी चालेल. कुठे, केवढं, रंग एकच की मिश्र, पृष्ठभाग गुळगुळीत की सुरकुतलेला की चामखिळीसारखा, कड ठळक की विरणारी, पुसून जातं का, दाबल्यावर घट्ट लागतं का, कधीपासून आणि तंबाखू कुठे धरता. एवढी उत्तरं आली की झालं. "पांढरं झालंय" या दोन शब्दांत यातलं एकही येत नाही.

पुसून आणि ताणून पाहायचं ते कशासाठी?

जाळीदार पट्टी बोटाला गुंडाळून हलक्या हाताने पुसायचं. पांढरा थर दह्याच्या कवडीसारखा निघून आला आणि खाली लाल जागा उरली, तर बुरशीचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त. गाल ताणल्यावर दुधाळ रंग विरून गेला, तर ती ल्युकोइडिमा नावाची निरुपद्रवी ठेवण असते. दोन्ही गालांत दात मिटतात त्या रेषेवर एक पांढरी आडवी रेघ बऱ्याच जणांना असते, तिचं काहीच करायचं नसतं. दोन्ही गालांत सारखी, बारीक जाळीची नक्षी असेल तर लायकेन प्लेनसचा विचार करतो. तोही लक्ष ठेवण्याजोगा असतो, पण त्याची वाट वेगळी आहे.

घासून काढायचा प्रयत्न मात्र करू नका. काही जण ब्रशने घासून जागा सोलवटून येतात. मग लाल रंग आजाराचा की घासण्याचा, हेच कळत नाही.

तंबाखूमुळेच झालं आहे हे मला माहीत आहे. सोडून देतो आणि वाट बघतो, चालेल ना?

सोडा, आजच सोडा. पण किती वाट बघायची हे आधी ठरवून घ्या. दोन आठवडे. नेहमीची पद्धत अशीच आहे: टोचणारा दात घासून गुळगुळीत करायचा, तंबाखू बंद करायची, बुरशी असेल तर औषध द्यायचं आणि दोन आठवड्यांनी त्याच उजेडात, त्याच कोनातून पुन्हा पाहायचं. तंबाखू जिथे धरतात तिथली साधी सुरकुतलेली पांढरी त्वचा सवय सुटल्यावर काही आठवड्यांत बऱ्याचदा निवळते. दोन आठवड्यांत ती उघड फिकी पडत असेल तर आणखी थोडे दिवस देता येतात.

ही सवलत फक्त मऊ, एकसारख्या पांढऱ्या चट्ट्याला. लाल भाग असेल, दाबल्यावर घट्ट लागत असेल, न भरणारी जखम असेल, चामखिळीसारखे उंचवटे असतील, किंवा चट्टा जिभेच्या कडेला, जिभेखाली किंवा पडजिभेजवळच्या मऊ टाळूवर असेल, तर दोन आठवडेही थांबत नाही.

इथे एक अपवाद सांगते. धूम्रपान करणाऱ्यांच्या कडक टाळूवर कधी कधी करडा-पांढरा थर आणि त्यात लाल ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे लाळग्रंथींची सुजलेली तोंडं. धुराच्या उष्णतेने होणारा हा बदल सहसा सवय सुटल्यावर जातो आणि त्याला शक्यतो तुकडा लागत नाही. पण पेटतं टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांच्या टाळूला हे लागू नाही. तिथला धोका खरा आहे.

मग तंबाखूशी संबंधित चट्ट्याला बायोप्सीच का? अनुभवी डॉक्टरला बघून कळत नाही का?

बघून अंदाज येतो, खात्री होत नाही. कारण फोटो काय किंवा डोळा काय, दोघंही वरचा थर बघतात, आणि बिघाड सुरू होतो तळाशी.

तंबाखूत नायट्रोसामिन नावाची रसायनं असतात. ती पेशींच्या डीएनएला चिकटतात आणि नक्कल करताना चुका होऊ लागतात. नव्या पेशी तळपडद्याला लागून जन्मतात आणि वर सरकत जातात. म्हणून चूक आधी तळाच्या थरात दिसते: पेशींची केंद्रकं मोठी आणि गडद होतात, रांगा विस्कटतात, विभाजन जिथे होऊ नये तिथे होतं. याला डिस्प्लेसिया म्हणतात. या सगळ्यावर केराटिनचं जाड पांढरं आवरण चढलेलं असू शकतं. दोन चट्टे बाहेरून जुळे वाटतात. एकाखाली नुसता घट्टा असतो, दुसऱ्याखाली तळपडदा फोडण्याच्या बेतात असलेल्या पेशी. हा फरक सांगायला उभा कापलेला तुकडा आणि सूक्ष्मदर्शक लागतो.

दुसरं कारण असं की तंबाखू एका बिंदूवर काम करत नाही. रस सगळ्या तोंडात फिरतो. स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली मांडलं की कर्करोगाच्या गाठीभोवतालची, वरून ठीक दिसणारी त्वचाही बिघडलेली असते, जणू सगळं शेतच बाधित झालंय. त्यामुळे तंबाखू घेणाऱ्याच्या चट्ट्याला "एवढुसा तर आहे" म्हणून सोडता येत नाही.

मी तंबाखूला कधी हातही लावला नाही. मला बायोप्सी नको ना?

उलट. कारण सापडत नसलेला ल्युकोप्लाकिया कर्करोगाकडे वळण्याची शक्यता तंबाखूच्या चट्ट्यापेक्षा जास्त असल्याचं पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. तंबाखूच्या चट्ट्याला निदान एक कारण आहे, जे काढून घेता येतं.

लाल चट्टा खरंच इतका वाईट असतो?

हो. शेफर आणि वॉल्ड्रन यांनी १९७५ मध्ये एरिथ्रोप्लाकियाचे ६५ तुकडे तपासून प्रसिद्ध केले. निम्म्याहून थोड्या अधिक तुकड्यांत पसरायला लागलेला कर्करोग होता. सुमारे ४० टक्क्यांत तीव्र डिस्प्लेसिया किंवा जागीच असलेला कर्करोग होता. उरलेल्या ९ टक्क्यांत सौम्य ते मध्यम बदल. म्हणजे एकही तुकडा पूर्ण निरोगी नव्हता. पांढऱ्या चट्ट्यांचं चित्र यापेक्षा पुष्कळ सौम्य आहे. त्यातले बहुतेक कधीच कर्करोग होत नाहीत, ढोबळमानाने वर्षाला शंभरात एक-दोन वळतात. अडचण एवढीच की ते एक-दोन कोणते, हे रंगावरून कळत नाही.

आणि लाल चट्टा क्वचितच दुखतो. दुखत नाही म्हणून बरं, हा हिशेब इथे चालत नाही.

तुकडा चट्ट्याच्या कुठल्या भागातून घ्यायचा?

सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून त्या गृहस्थांकडे परत येते. त्यांनी आधी घराजवळ एका ठिकाणी तुकडा काढून घेतला होता, हे त्यांनी मला उशिरा सांगितलं. रिपोर्ट होता: "हायपरकेराटोसिस, डिस्प्लेसिया नाही." ते निश्चिंत झाले होते. मी विचारलं, तुकडा कुठून घेतला? त्यांनी पहिल्या दाढेसमोर बोट ठेवलं. म्हणजे पुढच्या, सुरकुतलेल्या, हाताला सहज येणाऱ्या पांढऱ्या भागातून.

तो रिपोर्ट चुकीचा नव्हता. त्या जागेपुरता तो बरोबरच होता. पण लाल भागाबद्दल तो एक अक्षर बोलत नव्हता. आम्ही दुसरा तुकडा अक्कलदाढेसमोरच्या ठिपकेदार लाल भागातून घेतला आणि तीव्र डिस्प्लेसिया निघाला. तळपडदा शाबूत होता. मग पूर्ण चट्टा काढला, सगळा नमुना तपासला, कर्करोग कुठेच शिरला नव्हता.

तर नियम असा: सगळ्यात लाल, सगळ्यात घट्ट, सगळ्यात खडबडीत जागा निवडायची. चट्टा मोठा किंवा मिश्र असेल तर दोन-तीन ठिकाणांहून, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या बाटलीत, जागेचं नाव लिहून. टोलुइडिन ब्लू नावाचा निळा रंग लावल्यास संशयित भाग गडद निळा होतो आणि जागा निवडायला मदत होते. पण त्या रंगावर निदान करायचं नसतं, साधी सूजही निळी होते. इथे तुमचा फोटो पुन्हा उपयोगी पडतो. त्यावर तुकड्याची जागा गोल करून पॅथॉलॉजिस्टला पाठवली तर रिपोर्ट आणि चट्टा यांची सांगड बसते.

प्रत्यक्षात काय करतात? दुखतं का?

दात काढताना देतात तीच भुलीची सुई. ती टोचते, त्यानंतर फक्त ओढल्याची जाणीव होते. गोल पात्याच्या पंचने साधारण ४ ते ५ मिलिमीटरचा, किंवा सुरीने लांबट तुकडा घेतात. तळपडदा आणि त्याखालचा थोडा भाग यायला हवा, नाहीतर वरवर खरवडलेल्या तुकड्यातून मुख्य प्रश्नाचं उत्तरच मिळत नाही. चिमट्याने चेमटलेला तुकडाही वाचता येत नाही. एखाद-दुसरा टाका, तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये, आणि तुम्ही अर्ध्या तासाच्या आत बाहेर. जागा आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

सुरी लागल्याने कर्करोग पसरतो म्हणतात.

तुकडा घेतल्याने चट्ट्याचा कर्करोग होत नाही. ही समजूत का पडली असावी, याचा माझा अंदाज असा: लोक फार उशिरा येतात, बायोप्सी होते, पुढच्या महिन्यात गाठ वाढलेली दिसते, आणि दोष सुरीला जातो. गाठ आधीपासून वाढतच होती.

ब्रशने खरवडून पेशी तपासल्या तर चालणार नाही?

ब्रशने सुट्या पेशी मिळतात. तळपडदा फुटला आहे की नाही हे सुट्या पेशी सांगू शकत नाहीत. ब्रशचा निकाल संशयास्पद आला तर तुकडा घ्यावाच लागतो, आणि चांगला आला तरी डोळ्यासमोरच्या लाल चट्ट्यावर माझा त्याच्यापेक्षा जास्त विश्वास असतो.

रिपोर्टमधले शब्द कसे वाचायचे?

हायपरकेराटोसिस म्हणजे वरचा थर जाड झालाय. डिस्प्लेसिया सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्यांत लिहितात. ढोबळमानाने बिघाड खालच्या एक तृतीयांशात आहे, मध्यापर्यंत चढलाय की वरपर्यंत पोचलाय, यावरून. 'कार्सिनोमा इन सिटू' म्हणजे सगळी जाडी बिघडली आहे, पण तळपडदा अजून शाबूत. 'इन्व्हेझिव्ह' शब्द आला की पडदा फुटला. मध्यम आणि सौम्य यांच्या सीमेवर दोन पॅथॉलॉजिस्टचं मत वेगळं पडू शकतं, तेव्हा काचपट्ट्या दुसऱ्याला दाखवणं हा अविश्वास नव्हे.

डिस्प्लेसिया नाही असं आलं. आता फाइल बंद?

तुकडा कुठून घेतला होता ते आधी तपासा. चट्ट्यातली सगळ्यात वाईट दिसणारी जागा आणि तुकड्याची जागा एकच असेल, तर रिपोर्टवर विसंबता येतं. नसेल तर पुन्हा घ्यावा लागेल. त्यानंतरही चट्टा शिल्लक असेल तर दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, आणि प्रत्येक वेळी तोच कोन, तोच उजेड, तीच मोजपट्टी ठेवून फोटो. तंबाखू चालू राहिली तर दोन तपासण्यांमधलं अंतर आम्ही कमी करतो. चट्टा पूर्ण काढला असला तरी त्या जागी किंवा शेजारी नवा येऊ शकतो.

त्या गृहस्थांचे आता माझ्याकडे एका ओळीत सात फोटो आहेत. पाचव्या फोटोत व्रणाच्या वरच्या कडेला ३ मिलिमीटरचा फिका पांढरा डाग आहे, सहाव्यात तो तेवढाच आहे, सातव्यात ५ मिलिमीटर. पुढच्या मंगळवारी त्याचा तुकडा घेणार आहोत.